व्याजाचे मुद्दल होते तेव्हा : मुदत ठेव, चक्रवाढ आणि दुपटीचा काळ

मुदत ठेवीच्या पावतीवर छापलेला व्याजदर ती ठेव किती वर्षांत दुप्पट होईल हे स्वतःहून सांगत नाही. दसादशे ७ टक्के दराने ठेवलेले एक लाख रुपये एका प्रकारच्या ठेवीत दहा वर्षांनी दोन लाख होतात. त्याच बँकेत, त्याच दिवशी आणि त्याच दराने ठेवलेल्या दुसऱ्या प्रकारच्या ठेवीवर मात्र एक लाख रुपये व्याज जमायला सव्वाचौदा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. दोन्ही पावत्यांवरचा दर एकच असूनही चार वर्षांहून अधिक अंतर पडते, याचे कारण दरात नसून मिळालेल्या व्याजाचे पुढे काय होते यात आहे. ते ठेवीदाराच्या बचत खात्यात जाऊन ठेवीबाहेर पडते की ठेवीतच राहून पुढच्या व्याजासाठी मुद्दल म्हणून धरले जाते, या एका प्रश्नावर सरळ आणि चक्रवाढ व्याजाचा सारा भेद उभा आहे, आणि दुपटीच्या काळाचा अंदाज बांधण्याच्या ज्या सोप्या रीती प्रचलित आहेत त्यांच्या मर्यादाही याच प्रश्नातून निघतात.

सरळ व्याज म्हणजे मूळ मुद्दलावरच, आणि केवळ मुद्दलावरच, आकारलेले व्याज. एक लाखावर ७ टक्क्यांनी वर्षाला सात हजार रुपये, मग ते पहिले वर्ष असो की दहावे. चक्रवाढ व्याजात ठराविक कालखंड संपला की त्या खंडाचे व्याज मुद्दलात मिळवले जाते आणि पुढच्या खंडाचे व्याज या वाढलेल्या रकमेवर मोजले जाते. शालेय गणितात हा खंड बहुधा एक वर्षाचा धरलेला असतो, त्यामुळे शाळेत शिकलेले सूत्र बँकेच्या पावतीला लावून पाहणाऱ्याचे उत्तर पावतीवरच्या मुदतपूर्तीच्या रकमेशी जुळत नाही आणि चूक नेमकी कोणाची याचा उलगडाही होत नाही. वास्तविक चूक कोणाचीच नसते. भारतातील बँकांच्या मुदत ठेवींत व्याज मुद्दलात मिळवण्याचा खंड सर्वसाधारणपणे तीन महिन्यांचा असतो आणि म्हणून तेथे चक्रवाढ वर्षातून चारदा होते.

ही तिमाही चक्रवाढ प्रत्यक्षात कशी चालते हे एका वर्षाच्या हिशेबात स्वच्छ दिसते. दसादशे ७ टक्के दराचा चौथा भाग म्हणजे १.७५ टक्के हा एका तिमाहीचा दर होय. पहिल्या तिमाहीअखेर एक लाखावर १,७५० रुपये व्याज होते आणि ते मुद्दलात पडून रक्कम १,०१,७५० होते. दुसऱ्या तिमाहीचे व्याज या रकमेवर, म्हणजे १,७८० रुपये ६३ पैसे. तिसऱ्या तिमाहीचे १,८११ रुपये ७९ पैसे आणि चौथीचे १,८४३ रुपये ४९ पैसे. वर्षअखेर ठेव १,०७,१८५ रुपये ९० पैशांवर पोहोचते. सरळ व्याजाने ती १,०७,००० झाली असती, तेव्हा पहिल्या वर्षातला फरक जेमतेम १८६ रुपयांचा आहे. वर्षअखेरच्या या वाढीलाच, म्हणजे येथे ७.१९ टक्क्यांना, प्रत्यक्ष वार्षिक दर म्हणतात, आणि पावतीवरील ७ टक्के हा त्या मानाने नाममात्र दर ठरतो. काही बँका तिमाहीतील प्रत्यक्ष दिवस मोजून व्याज आकारतात, त्यामुळे वरील आकड्यांत थोड्याफार रुपयांचा फरक पडू शकतो, परंतु हिशेबाची रीत बदलत नाही.

पहिल्या वर्षातला १८६ रुपयांचा फरक इतका किरकोळ आहे की त्याच्याकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविकच आहे. पाच वर्षांनी सरळ व्याजाची एकूण रक्कम १,३५,००० आणि तिमाही चक्रवाढीची १,४१,४७८ होते, म्हणजे फरक साडेसहा हजारांच्या घरात जातो. दहा वर्षांनी सरळ व्याजाने १,७०,००० आणि चक्रवाढीने २,००,१६० होऊन तो तीस हजारांपलीकडे जातो. या आकड्यांत एक गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. दहा वर्षांत दुप्पट होणारी ठेव पाच वर्षांत दीडपट झालेली नसते, ती केवळ १.४१ पट झालेली असते. पहिल्या पाच वर्षांत तिच्यात सुमारे ४१ हजारांची आणि दुसऱ्या पाच वर्षांत सुमारे ५९ हजारांची भर पडते. म्हणूनच दीर्घ मुदतीची ठेव निम्म्यावर मोडणाऱ्याला अर्ध्याहून कमी लाभ हाती लागतो, शिवाय मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीवर ती जितका काळ राहिली तेवढ्या काळाचा दर लागू होतो आणि त्यातूनही बहुतेक बँका काही अंश दंड म्हणून वजा करतात, हा तोटा वेगळाच.

बँकेच्या अर्जावर हा सारा भेद एका खुणेपुरता असतो. व्याज मुदतीअखेर मुद्दलासह एकदम घ्यायचे असेल तर ती पुनर्गुंतवणूक किंवा संचयी ठेव होते आणि तिच्यावर चक्रवाढ चालते. व्याज दर तिमाहीला खात्यात जमा हवे असेल तर दर वेळी १,७५० रुपयेच मिळतात, मुद्दल एक लाखावर स्थिर राहते आणि ठेवीपुरते पाहता ते सरळ व्याजच ठरते. दरमहा व्याज घेणाऱ्यांना आणखी एक गोष्ट खटकते. एक लाखावर ७ टक्क्यांनी महिन्याला ५८३ रुपये ३३ पैसे यायला हवेत असा त्यांचा हिशेब असतो, पण खात्यात जमा होतात ते सुमारे ५८० रुपये. याचे कारण असे की बँकेच्या हिशेबात व्याज तिमाहीअखेर देय होते, आणि ते त्याआधी महिन्यामहिन्याला द्यायचे तर आगाऊ दिलेल्या रकमेवरचे व्याज वजा करून द्यावे लागते. दरमहाचे ५८० रुपये त्याच दराने गुंतवले तर तिमाहीअखेर त्यांचे बरोबर १,७५० होतात. बँकेने तीन रुपये खाल्ले असा जो समज होतो तो चुकीचा आहे. सहा महिन्यांहून कमी मुदतीच्या ठेवींवर मात्र अनेक बँका सरळ व्याजच देतात, तेथे चक्रवाढीचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता दुपटीचा काळ. सरळ व्याजात तो काढणे अगदी सोपे आहे: मुद्दलाइतके व्याज जमायला हवे, म्हणजे शंभर टक्के भरायला हवेत, म्हणून शंभराला दराने भागले की वर्षे मिळतात. ७ टक्क्यांना १४.२९ वर्षे, ८ टक्क्यांना साडेबारा, १० टक्क्यांना दहा. बँका मुदत ठेवी सामान्यतः दहा वर्षांपर्यंतच घेतात हे ध्यानात घेतले, तर दर १० टक्क्यांच्या खाली असताना सरळ व्याजाची कोणतीही ठेव एका मुदतीत दुप्पट होऊ शकत नाही. चक्रवाढीत हा हिशेब लघुगणकांचा होतो, आणि तो टाळण्यासाठी जी तोंडी रीत रूढ आहे ती बहात्तरच्या नियमाची: बहात्तरला टक्केवारीतील दराने भागावे. या नियमाचा जुना लिखित उल्लेख लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या अंकगणिताच्या ग्रंथात आढळतो, तोही कोणत्याही सिद्धतेशिवाय.

बहात्तर हा आकडा कोठून आला हे समजून घेतल्याखेरीज तो कोठे लावू नये हे कळणार नाही, म्हणून त्याची उपपत्ती थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. व्याज क्षणाक्षणाला मुद्दलात पडत राहील अशी कल्पना केली तर रक्कम दुप्पट होण्याचा काळ दोनच्या नैसर्गिक लघुगणकाला दराने भागून मिळतो. हा लघुगणक ०.६९३ असल्याने टक्क्यांच्या भाषेत ६९.३ ला दराने भागायचे. प्रत्यक्षात व्याज क्षणाक्षणाला नव्हे तर खंडाअखेर मुद्दलात पडते, मधल्या काळात ते निष्क्रिय असते, त्यामुळे दुपटीला थोडा अधिक वेळ लागतो आणि वरचा आकडा ६९.३ पेक्षा काहीसा वाढवावा लागतो. किती वाढवावा, तर एका खंडाच्या टक्केवारी दराच्या सुमारे एक तृतीयांश इतका. वार्षिक चक्रवाढीत ८ टक्के दराला ही वाढ सुमारे २.७ होते आणि ६९.३ मध्ये ती मिळवली की ७२ येतात. म्हणजे बहात्तरचा नियम हा वर्षातून एकदा होणाऱ्या चक्रवाढीसाठी आणि ८ टक्क्यांच्या आसपासच्या दरांसाठी बेतलेला आहे. ८ टक्क्यांना नियमाने ९ वर्षे येतात, काटेकोर उत्तर ९.०१ वर्षे आहे. शिवाय बहात्तरला २, ३, ४, ६, ८, ९ आणि १२ या सर्वांनी नि:शेष भाग जातो, ही सोय त्याच्या लोकप्रियतेला कारणीभूत झाली असावी, कारण निव्वळ अचूकतेच्या निकषावर एकाहत्तर किंवा त्र्याहत्तर हे आकडेही फार मागे पडत नाहीत.

बँकेच्या ठेवीला मात्र हा नियम जसाच्या तसा लावणे योग्य नाही, आणि लोकप्रिय अर्थलेखनात ही सूक्ष्मता सहसा पाळली जात नाही. तिमाही चक्रवाढीत खंडाचा दर १.७५ टक्के असेल तर त्याचा एक तृतीयांश केवळ ०.६ च्या आसपास आहे, ६९.३ मध्ये तो मिळवला की ६९.९ म्हणजे व्यवहारात ७० येतात. तेव्हा मुदत ठेवीसाठी आकडा सत्तर घ्यावा. ७ टक्क्यांना सत्तरच्या नियमाने बरोबर दहा वर्षे निघतात आणि वर दिलेल्या हिशेबात चाळीस तिमाह्यांअखेर ठेव २,००,१६० झाली होती. एकोणचाळिसाव्या तिमाहीअखेर ती १,९६,७१७ होती. बहात्तरने भागले असते तर १०.२९ वर्षे, म्हणजे प्रत्यक्षाहून साडेतीन महिने अधिक आले असते. फरक फार मोठा नाही हे खरे, पण नियम मुळात तोंडी हिशेबाच्या सोयीसाठीच आहे, आणि सत्तरला भागणे बहात्तरहून अवघड नाही.

बहात्तरचा नियम तंतोतंत लागू पडतो अशी एक योजना भारतातील ठेवीदारांच्या चांगल्या परिचयाची आहे, ती म्हणजे टपाल खात्यातील किसान विकास पत्र. हिच्यात चक्रवाढ वार्षिक असते, आणि तिची रचनाच उलट्या क्रमाने सांगितली जाते: दर आधी आणि मुदत नंतर असे न म्हणता रक्कम अमुक महिन्यांत दुप्पट होईल असे सांगून दर त्यामागे ठेवला जातो. १९८८ साली ही योजना सुरू झाली तेव्हा दुपटीचा काळ साडेपाच वर्षांचा होता, म्हणजे त्यामागचा वार्षिक दर सुमारे १३.४ टक्के होता. २०११ साली बंद होऊन ती २०१४ मध्ये पुन्हा आली तेव्हा १०० महिने आणि ८.७ टक्के, २०२० मध्ये १२४ महिने आणि ६.९ टक्के, तर एप्रिल २०२३ पासून ११५ महिने आणि ७.५ टक्के असे तिचे आकडे राहिले. शेवटच्या जोडीला नियम लावून पाहावा: बहात्तरला साडेसातने भागले की ९.६ वर्षे, म्हणजे ११५.२ महिने. १९८८ च्या जोडीत मात्र ७२ ला १३.४३ ने भागून सुमारे ६४ महिने येतात, प्रत्यक्ष मुदत होती ६६ महिने. दर ८ टक्क्यांपासून जसजसा वर जातो तसतसा नियम प्रत्यक्षाहून कमी काळ दाखवू लागतो, हे येथे दिसते. दोन वर्षांत दुप्पट करून देण्याचे आमिष दाखवणाऱ्याचा दर बहात्तरच्या नियमाने ३६ टक्के निघतो, तर खरा दर ४१.४ टक्के असावा लागतो. इतक्या उंचीवर नियम निरुपयोगी ठरतो, जरी तेथे त्याची गरजही उरलेली नसते.

मराठी मुलखात दुपटीची कल्पना बँकांच्या कितीतरी आधीपासून रुजलेली होती, आणि ती वाढीचे आश्वासन म्हणून नव्हे तर मर्यादा म्हणून. दामदुप्पट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिंदू विधीतील नियमानुसार, जो मुंबई इलाख्यातील न्यायालयेही मानीत, ऋणकोकडून एका वेळी वसूल होणारे थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक असू शकत नसे. पण या मर्यादेला पळवाट होती ती नेमकी चक्रवाढीचीच. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या खतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली, त्यामुळे तीन वर्षे भरत आली की सावकार जुने खत फाडून नवे लिहून घेत आणि साचलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून चढत असे. समजा दरमहा शेकडा दोन रुपये, म्हणजे वर्षाला २४ टक्के, अशा सरळ व्याजाने शंभर रुपये घेतले. तीन वर्षांनी १७२ रुपये झाले आणि नवे खत १७२ चे लिहिले गेले. आणखी तीन वर्षांनी देणे जवळजवळ २९६ रुपये झाले. पहिलेच खत कायम राहिले असते तर सरळ व्याजाने २४४ झाले असते आणि दामदुप्पटीच्या मर्यादेने २०० वर थांबले असते. खतावर कोठेही चक्रवाढ हा शब्द न लिहिता तीन वर्षांच्या खंडाची चक्रवाढ अशी घडून येत होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांकडील खते हस्तगत करून जाळण्यावर होता, यामागे हा हिशेब आहे. आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, तोही याच कारणाने. ठेवीदाराच्या बाजूने जी यंत्रणा लाभाची, तीच ऋणकोच्या बाजूने गळफास होते. गणित मात्र अगदी एकच राहते.

आजच्या ठेवीदाराला दुपटीच्या अंदाजात सर्वाधिक चकवतो तो आकडा वेगळाच आहे. काही संस्थांच्या फलकांवर व्याजदराशेजारी वार्षिक परतावा म्हणून एक मोठा आकडा दिलेला असतो, आणि तो काढलेला असतो असा: मुदतीअखेरचे एकूण व्याज घ्यायचे आणि त्याला वर्षांच्या संख्येने भागायचे. ७ टक्के दराच्या पाच वर्षांच्या ठेवीत एक लाखावर ४१,४७८ रुपये व्याज मिळते, त्याला पाचने भागून परतावा ८.३० टक्के सांगितला जातो. दहा वर्षांच्या ठेवीत याच रीतीने तो १०.०२ टक्के होतो. आकडा खोटा नाही, पण तो चक्रवाढीचे फळ सरळ व्याजाच्या मापाने मोजतो, आणि मुदत जितकी लांब तितका तो आपोआप फुगतो. अशा परताव्याला सत्तर किंवा बहात्तरचा नियम लावणे म्हणजे चक्रवाढ दोनदा धरणे होय. १०.०२ ने सत्तरला भागले तर सात वर्षे येतात, प्रत्यक्षात तीच ठेव दहा वर्षांत दुप्पट होते. परताव्याचा आकडा ओळखण्याची खूण सोपी आहे: एकाच दराच्या ठेवीत मुदतीबरोबर तो चढत असेल, तर तो दर नव्हे. मुदतपूर्तीची रक्कम हातात असेल तर पडताळणी आणखी सोपी होते, कारण ७ टक्क्यांच्या पाच वर्षांच्या ठेवीवर सरळ व्याजाने १,३५,०००, वार्षिक चक्रवाढीने १,४०,२५५ आणि तिमाही चक्रवाढीने १,४१,४७८ हे तीन आकडे मुख्यतः संभवतात, आणि पावतीवर यांपैकी कोणता आहे यावरून बँक कोणत्या खंडाने चक्रवाढ करते हे कळते.

नियमात घालायचा दर ठरवताना दुसरी गफलत होते ती कराची. पुनर्गुंतवणूक ठेवीतील व्याज ठेवीदाराच्या हाती पडलेले नसले तरी ते दरवर्षी जमा झाले असे मानून बँक त्यावर उद्गम करकपात, म्हणजे टीडीएस, करते. १ एप्रिल २०२५ पासून ही कपात एका बँकेतील वार्षिक व्याज ५० हजारांपलीकडे, ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत एक लाखापलीकडे, गेल्यास दहा टक्क्यांनी होऊ लागली. एक लाखाच्या ठेवीला ही कपात लागत नाही, पण दहा लाखांच्या ठेवीचे पहिल्याच वर्षाचे व्याज ७१,८५९ रुपये असल्याने तेथे ती लागते, आणि कापलेली रक्कम ठेवीतूनच जात असल्याने तिच्यावरची पुढची चक्रवाढही बुडते. दरवर्षी दहावा हिस्सा असा गेला तर ७ टक्क्यांचा दर ६.३ वर येतो आणि दुपटीचा काळ दहा वर्षांवरून अकरा वर्षांवर जातो. मुदतपूर्तीला पावतीवरील रकमेहून कमी पैसे मिळाल्याची जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ बहुतेक वेळा येथे असते. ज्याचे उत्पन्न सर्वांत वरच्या, उपकरासह ३१.२ टक्क्यांच्या, करपायरीत आहे त्याचा करोत्तर दर ४.८ टक्केच उरतो, आणि सत्तरला त्याने भागले की साडेचौदा वर्षे येतात. ७ टक्क्यांच्या करमुक्त सरळ व्याजाला दुपटीसाठी लागणाऱ्या काळाहूनही हा काळ किंचित अधिक आहे. म्हणजे वरच्या पायरीवरील ठेवीदाराच्या बाबतीत चक्रवाढीने दिलेली सारी आघाडी कराने पुसून टाकली, असे म्हणण्यास हरकत नाही. महागाईचाही हिशेब याच नियमाने होतो: किमती वर्षाला ४ टक्क्यांनी वाढत राहिल्या तर त्या अठरा वर्षांत दुप्पट होतात, आणि करोत्तर ४.८ टक्क्यांतून ४ टक्के वजा जाता खऱ्या क्रयशक्तीच्या दुपटीचा प्रश्न एका आयुष्यात सुटण्यासारखा राहत नाही.

वरील सर्व हिशेब दर दहा वर्षे स्थिर राहील असे धरून आहेत, आणि हे गृहीतक दहा वर्षांच्या एकाच ठेवीत पाळले जाते, पण एकेक वर्षाच्या ठेवी नूतनीकरणाने पुढे नेणाऱ्याच्या बाबतीत पाळले जात नाही, कारण प्रत्येक नूतनीकरणाला त्या दिवशी चालू असलेला दर लागतो. नूतनीकरणाची सूचनाच दिलेली नसेल आणि मुदत संपलेली ठेव तशीच पडून राहिली, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे त्या काळासाठी तिच्यावर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर यांपैकी जो कमी असेल तोच मिळतो. विसरलेली ठेव चक्रवाढीने आपोआप वाढत राहते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

पुढील पानांतील कोष्टके वाचकाने मुख्यतः उलट्या दिशेने वापरावीत अशी अपेक्षा आहे, म्हणजे दरावरून दुपटीचा काळ काढण्यापेक्षा सांगितलेल्या काळावरून दर काढण्यासाठी. दामदुप्पट ठेव या नावाने जाहिरात करणाऱ्या योजनांत दर बहुधा बारीक अक्षरांत आणि महिन्यांची संख्या ठळक अक्षरांत असते. ८४ महिन्यांत दुप्पट म्हणजे सात वर्षे. सत्तरला सातने भागले की तिमाही चक्रवाढीचा दर १० टक्के निघतो, काटेकोर हिशेबानेही तो १०.०३ येतो. मग हाच दर त्या दिवशी मोठ्या बँका देत असलेल्या दराशेजारी ठेवून पाहावा. तो ७ टक्के असेल, तर वरचे तीन टक्के कशाच्या बदल्यात मिळत आहेत, याचे उत्तर गणितात नसून ठेव घेणाऱ्या संस्थेच्या सुरक्षिततेत असते. बँकांतील, नागरी सहकारी बँका धरून, ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत आहे, आणि त्या पाच लाखांत मुद्दल व व्याज दोन्ही धरले जातात. म्हणजे ७ टक्क्यांनी ठेवलेले तीन लाख दहा वर्षांनी सहा लाख झाले, तर वरचा लाख विम्याबाहेर राहतो. सहकारी पतसंस्थांमधील ठेवींना हे संरक्षण मुळीच लागू नाही.